तेजी, मंदी आणि त्यांत दडलेली हुंडी



दसरा उलटून सोयाबीनची आवक वाढू लागली होती. लातूरच्या आडत बाजारात या दिवसांत कुणाला सवड नसते. अशा ऐन हंगामात एका रविवारी माझा भाचा सकाळच्या गाडीने नांदेडला येऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला थोडे नवलच वाटले. चहा होताच त्याने पिशवीतून वही काढली आणि म्हणाला, "मामा, यात तोटा कुठे आहे तेवढे दाखवा. मला तर सापडत नाही."

वहीत एका नामांकित कंपनीच्या शेअरचे तीन भाव लिहिले होते. शेअर 1000 रुपये. तीन महिन्यांनी 1000 रुपयांनाच शेअर विकण्याचा हक्क, म्हणजे पुट, 32 रुपये. त्याच मुदतीचा, त्याच 1000 रुपयांना शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल, 58 रुपये. त्याखाली बेरीज-वजाबाकी होती आणि शेवटी लाल शाईने अधोरेखित केलेला आकडा होता: 2500 शेअरवर निव्वळ नफा 21,170 रुपये, जोखीम शून्य. यासाठी लागणारे 24 लाख 35 हजार रुपये दुकानाच्या सीसी खात्यातून तीन महिन्यांसाठी काढावेत, असा त्याचा विचार होता. दाजींनी त्याला एकच अट घातली होती: आधी मामाला विचार.

त्याच्या वहीतील गणितात चूक नव्हती, हे मी प्रथमच सांगून टाकतो. ज्या नियमावर त्याने हा नफा काढला होता, तो पुट-कॉल समतेचा नियम अर्थशास्त्रातील अत्यंत भक्कम नियमांपैकी एक आहे. हान्स स्टोल या अर्थतज्ज्ञाने 1969 साली तो शास्त्रीय निबंधात मांडला. व्यवहारात तो त्याहून बराच जुना आहे. तरीही ते 24 लाख सीसी खात्यातून काढणे योग्य नव्हते. नियम खरा, गणित बरोबर आणि निर्णय मात्र चुकीचा, हे कसे घडते, ते आज पाहू.

आपल्या घरांत हा विषय परका नाही. कॉल आणि पुट हे शब्द नवे असले तरी तेजी आणि मंदी हे शब्द आपल्या पणजोबांना ठाऊक होते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने माल घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, विकण्याचा हक्क म्हणजे मंदी. मुंबईच्या कापूस बाजारात हे सौदे इतके बोकाळले की 1939 साली मुंबई सरकारने कापसातील असे सौदे बंद करणारा स्वतंत्र कायदा केला. पुढे 1952 च्या कायद्याने सर्व मालांतील आणि 1956 च्या कायद्याने शेअरमधील तेजी-मंदी बेकायदा ठरली. शेअरमधील बंदी 1995 साली उठली आणि 2001 साली राष्ट्रीय शेअर बाजारात ही तेजी-मंदी कॉल आणि पुट या नावांनी राजरोस परतली. आमच्या भागाचा माल म्हणाल, तर सोयाबीनचे वायदे 20 डिसेंबर 2021 पासून सेबीच्या आदेशाने थांबले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवली गेली. त्यामुळे ज्याला या हक्कांचे गणित पाहायचे आहे, तो लातूरचा असो की नांदेडचा, त्याला शेअरकडेच वळावे लागते.

गणितात शिरण्यापूर्वी एक अट ध्यानात ठेवावी. हे हक्क युरोपीय पद्धतीचे असले पाहिजेत, म्हणजे ते फक्त मुदतीच्या शेवटच्या दिवशीच वापरता येतात. अमेरिकन पद्धतीत हक्क मधल्या कोणत्याही दिवशी वापरता येतो आणि मग खाली दिलेली बरोबरी काटेकोर राहत नाही. विकणाऱ्याचा हिशेब समोरचा माणूस मध्येच मोडू शकतो. आपल्याकडे निर्देशांकावरील हक्क प्रारंभापासून युरोपीय आहेत. शेअरवरील हक्क मात्र 2001 ते 2010 पर्यंत अमेरिकन होते आणि जानेवारी 2011 पासून युरोपीय झाले. म्हणून भाच्याच्या वहीला हा नियम लागू होता.

आता वही उघडू. समजा आपण एकाच वेळी तीन गोष्टी केल्या: शेअर विकत घेतला, 1000 रुपयांचा पुट विकत घेतला आणि 1000 रुपयांचा कॉल दुसऱ्यास विकला. तीन महिन्यांनी काय होईल?

शेअर 1200 वर गेला, तर ज्याने आपल्याकडून कॉल घेतला तो हक्क बजावील. आपला शेअर त्याला 1000 रुपयांस द्यावा लागेल. पुट निरुपयोगी ठरेल. हाती आले 1000 रुपये.

शेअर 800 वर घसरला, तर कॉल घेणारा फिरकणार नाही. आपण मात्र पुटाचा हक्क बजावून शेअर 1000 रुपयांस विकू. हाती आले पुन्हा 1000 रुपये.

भाव कोठेही जावो, त्या दिवशी आपल्या हाती 1000 रुपयेच येतात. आता बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेने याकडे पाहा. तीन महिन्यांनी नक्की 1000 रुपये देणारा कागद म्हणजे काय? ती तर मुदती हुंडी झाली. शेअर, पुट आणि कॉल ही तीन अनिश्चित नावे एकत्र बांधली की त्यांतून अनिश्चितता निघून जाते आणि निव्वळ हुंडी शिल्लक राहते.

हुंडीचे आजचे मोल कसे ठरते, हे वाचकांना मी शिकवण्याची गरज नाही. व्याज कापून. सुरक्षित पैशाचा दर वर्षाला 7.3 टक्के धरला, तर 90 दिवसांचे व्याज बरोबर 1.8 टक्के होते. म्हणून 90 दिवसांनी 1000 रुपये देणारी हुंडी आज 1000 भागिले 1.018, म्हणजे 982 रुपये 32 पैशांना वटली पाहिजे. ही झाली समता. शेअरचा भाव अधिक पुटाची किंमत वजा कॉलची किंमत ही रक्कम 982.32 भरली पाहिजे. तेच उलटे मांडले तर:

कॉल − पुट = शेअरचा भाव − ठरलेल्या भावाचे आजचे मोल

वहीतील शेअर 1000 रुपयांचा होता, म्हणून उजवी बाजू 17.68 येते. पुट 32 रुपयांस मिळत असेल, तर कॉल 49.68 ला असायला हवा. या बरोबरीत एक गोष्ट कोठेच येत नाही, ती म्हणजे शेअर वर जाईल की खाली, याविषयीचे कुणाचेही मत. कॉल किती महाग असावा, हे हा नियम सांगत नाही. पुटाच्या तुलनेत किती महाग असावा, एवढेच सांगतो. बाजार घाबरला तर दोन्ही महाग होतील, पण त्यांच्यातील अंतर व्याजाने बांधलेलेच राहील.

भाच्याच्या वहीत कॉल 58 ला होता, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा 8.32 रुपयांनी महाग. जे महाग आहे ते विकावे, हे कोणत्याही दुकानदारास कळते. त्याची योजना अशी होती: शेअर 1000 ला घ्यायचा, पुटासाठी 32 द्यायचे, कॉल विकून 58 घ्यायचे. पदरचे गेले 974 रुपये. म्हणजे 982.32 ची हुंडी 974 ला मिळाली. हे 974 रुपये 7.3 टक्क्यांनी उसने घेतले तर 90 दिवसांनी 991.53 परत करायचे. हाती येणार 1000. उरले 8.47 रुपये, आणि 2500 शेअरवर 21,170. अशा निश्चित भावफरकाच्या नफ्यालाच आर्बिट्राज म्हणतात. फरक उलट्या बाजूचा असता, म्हणजे कॉल 49.68 पेक्षा स्वस्त असता, तर तिन्ही पाऊले उलटी टाकायची असतात: शेअर विकायचा, पुट विकायचा, कॉल घ्यायचा आणि आलेली रक्कम व्याजी लावायची. ही उलटी बाजू आपल्याकडे अवघड आहे, कारण जवळ नसलेला शेअर रोख बाजारात विकून दिवसाअखेर तसाच उभा ठेवता येत नाही. एक तर शेअर आधीच आपल्या डिमॅट खात्यात हवा, नाही तर त्याच्या जागी वायदा विकावा लागतो.

इथपर्यंत भाचा समाधानाने मान हलवीत होता. मग मी विचारले, "तुझे 974 रुपये कोणत्या दराने येणार आहेत?"

तो थांबला. दुकानाचे सीसी खाते साडेदहा टक्क्यांचे होते. वहीतले 7.3 टक्के त्याने कोठून तरी वाचलेला सुरक्षित दर म्हणून घेतले होते. आम्ही हिशेब पुन्हा केला. 974 रुपयांवर साडेदहा टक्क्यांनी 90 दिवसांचे व्याज 25 रुपये 22 पैसे. परत करायचे 999.22. शिल्लक 78 पैसे. एकवीस हजारांचा नफा 1,957 रुपयांवर आला, आणि अजून खर्च धरायचा होता.

शेअर घेऊन घरी ठेवण्याच्या व्यवहारावर रोखे व्यवहार कर 0.1 टक्का, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक रुपया. मुदतीअंती तो शेअर प्रत्यक्ष द्यावा लागतो, तेव्हा पुन्हा एक रुपया. खरेदीवरील मुद्रांक शुल्क 15 पैसे. कॉल विकताना मिळालेल्या 58 रुपयांवर, 1 ऑक्टोबर 2024 पासून तेव्हा लागू असलेल्या 0.1 टक्का दराने, आणखी सुमारे 6 पैसे. ही सरकारी रक्कमच 2 रुपये 21 पैसे झाली. 2500 शेअरवर 5,525 रुपये. दलाली, बाजाराचे शुल्क आणि त्यांवरील जीएसटी वेगळे. म्हणजे दलाली धरण्यापूर्वीच या बिनजोखमीच्या व्यवहारात साडेतीन हजारांहून अधिक तोटा होता.

येथे नियम खोटा ठरला, असे मात्र समजू नये. समतेची बरोबरी म्हणजे एक रेषा नसून एक पट्टा आहे, आणि त्या पट्ट्याची रुंदी प्रत्येकाच्या स्वतःच्या खर्चाएवढी असते. म्युच्युअल फंडांच्या आर्बिट्राज योजना आणि मोठ्या दलाली संस्था यांचा पैसा स्वस्त, दलाली नाममात्र. त्यांचा पट्टा अरुंद आहे. फरक त्यांच्या पट्ट्याबाहेर पडताच त्यांची यंत्रे तो उचलतात आणि भाव पुन्हा आत येतो. ज्याचा पट्टा त्यांच्याहून रुंद आहे, त्याच्यापर्यंत उरणारा फरक क्वचितच पोहोचतो. म्हणून जो फरक आपल्याला मोबाइलवर निवांत बसून आठ-आठ रुपयांचा दिसतो, त्याच्याविषयी पहिला प्रश्न हाच असावा: हा त्यांनी का सोडला?

वहीतील फरकाचे उत्तर आम्हाला त्याच दुपारी मिळाले. भाच्याने भाव शुक्रवारच्या बंद बाजारातून उतरवले होते. मी त्याला प्रत्येक भावाचा सौदा किती वाजता झाला, ते पाहायला सांगितले. शेअरचा 1000 हा भाव साडेतीनचा, बाजार बंद होतानाचा. पुटाचा शेवटचा सौदा दुपारी 2 वाजून 50 मिनिटांचा. आणि कॉलचा 58 चा सौदा सकाळी सव्वादहाचा, जेव्हा शेअर 1014 रुपयांवर होता. त्यानंतर दिवसभरात त्या कॉलमध्ये एकही सौदा झाला नव्हता. तीन महिन्यांपुढच्या मुदतीत आपल्याकडे बहुतेक शेअरांच्या हक्कांना गिऱ्हाईक विरळच असते. सारी गर्दी चालू महिन्यात.

शेअर 1014 असताना कॉल 58 ला असणे यात काहीच वावगे नव्हते. त्या वेळी समतेप्रमाणे कॉल आणि पुट यांतील अंतर 31.68 हवे, आणि पुट त्या सुमारास 26 रुपयांच्या आसपास असला की हिशेब जुळतो. भाच्याने सकाळचा कॉल, दुपारचा पुट आणि संध्याकाळचा शेअर एका ओळीत मांडले होते. हे म्हणजे उदगीरचा सोमवारचा भाव आणि लातूरचा शुक्रवारचा भाव शेजारी लिहून मधला फरक नफा म्हणून खतावणीत मांडण्यासारखे झाले. समतेतील तिन्ही भाव एकाच क्षणाचे असावे लागतात, नाही तर दिसणारा फरक घड्याळाचा असतो, पैशाचा नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. झालेला सौदा आपल्याला मिळत नसतो. आपण घ्यायला गेलो तर विकणारा जो मागतो तो भाव, आणि विकायला गेलो तर घेणारा जो देतो तो भाव. बाजाराच्या पडद्यावर हे दोन्ही दिसतात. पाहायचे ते तेच. सोमवारी बाजार उघडल्यावर भाचा माझ्याकडेच होता. मुदत 90 दिवसांचीच धरली होती. शेअर घेण्यास 1000.50 पडत होता. पुट विकणारा 34 मागत होता. कॉल घेणारा 47 देत होता. म्हणजे हुंडी 1000.50 अधिक 34 वजा 47, एकूण 987.50 ला पडत होती. 987.50 घालून 90 दिवसांनी 1000. वर्षाला हा दर 5.13 टक्के येतो.

मग कुतूहलाने उलटी बाजूही मांडून पाहिली. शेअर विकला तर 999.50, पुट विकला तर 30, कॉल घ्यायला 53. हाती 976.50 येणार आणि 90 दिवसांनी 1000 द्यावे लागणार. हा दर 9.76 टक्के.

मला हसू आले. आयुष्यभर ज्या पाटीखाली बसलो, तीच पाटी समोर होती. ठेवीचा दर 5.13 टक्के, कर्जाचा दर 9.76 टक्के आणि खरा दर मध्ये कोठेतरी. कॉल, पुट आणि शेअर यांचे तीन भाव पाहताना आपण प्रत्यक्षात एका व्याजाच्या दुकानासमोर उभे असतो. भाच्याची योजना म्हणजे साडेदहा टक्क्यांनी पैसा काढून 5.13 टक्क्यांच्या ठेवीत ठेवणे. एवढे म्हटल्यावर मला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

या तीन भावांत व्याज दडते, हे फार पूर्वी एका सावकाराने ओळखले होते. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये रसेल सेज नावाचा धनाढ्य होता. तेथे कायद्याने व्याजाला कमाल मर्यादा होती. अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून असे सांगितले जाते की तो गरजूला कर्ज देतच नसे. तो त्याच्याकडून शेअर विकत घेई, तोच शेअर ठरलेल्या भावाने त्याला परत विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवी आणि परत घेण्याचा हक्क त्याला देई. कागदावर कोठेही व्याज नाही. पण खरेदीचा भाव आणि ठरलेला भाव यांतील अंतर कायद्याच्या मर्यादेहून जास्त व्याजाचे असे. जे नियमाने बरोबर असते ते कोणत्या हेतूने वापरले जाते, ही गोष्ट निराळी.

आता दोन मर्यादा सांगितल्यावाचून हा विषय अपुरा राहील. पहिली लाभांशाची. शेअर जवळ असणाऱ्यास मधल्या काळात लाभांश मिळतो. कॉल जवळ असणाऱ्यास मिळत नाही. लाभांशाच्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरतो. म्हणून मुदतीच्या आत 15 रुपये लाभांश अपेक्षित असेल, तर आपल्या उदाहरणात कॉल आणि पुट यांतील अंतर 17.68 नव्हे, तर सुमारे 2.68 असायला हवे. पुट 32 असताना कॉल 34-35 ला दिसेल. ज्याने लाभांशाची घोषणा वाचली नाही, त्याला कॉल पंधरा रुपयांनी स्वस्त वाटेल. तो आपल्या जवळचा शेअर विकून उलटी बाजू धरील आणि सोडलेला लाभांश हाच त्याचा नफा खाऊन टाकील. असाधारण मोठ्या लाभांशाच्या वेळी बाजार ठरलेला भावच खाली आणून हक्कधारकांस सांभाळतो, पण लहान लाभांशास तसे संरक्षण नसते.

दुसरी मर्यादा अनामत रकमेची, आणि वहीत तिचा उल्लेखही नव्हता. कॉल विकणाऱ्यास दलालाकडे अनामत ठेवावी लागते. समजा दीड महिन्यात शेअर 1200 वर गेला. आपल्या हुंडीला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण शेवटी 1000 मिळणारच आहेत. पण त्या दिवशी 58 ला विकलेला कॉल 210 च्या आसपास असेल. 2500 शेअरवर हा फरक 3 लाख 80 हजार रुपयांचा झाला, आणि दलाल तेवढे वाढीव संरक्षण तत्काळ मागेल. शेअरमध्ये झालेला फायदा डिमॅट खात्यात नुसता दिसत राहतो. तो रोख नसतो. शेअर तारण ठेवता येतात, पण त्यांची पूर्ण किंमत धरली जात नाही आणि काही हिस्सा रोखच लागतो. ती रोकड वेळेवर आली नाही, तर दलाल आपल्या अधिकाराने कॉल परत विकत घेऊन मोकळा होतो. तीन पायांपैकी एक पाय असा निघाला की उरते ती हुंडी नसते. तोटा पक्का झालेला असतो, आणि राहिलेला शेअर पुढे कोसळला तर हजारापर्यंतची घसरण आपलीच. बिनजोखमीचा व्यवहार शेवटच्या दिवसापर्यंत तिन्ही पायांवर उभा ठेवण्याची ऐपत असेल, तरच तो बिनजोखमीचा.

आणि ही रोकड नेमकी कधी लागली असती? दिवाळीच्या आसपास, जेव्हा यार्डात शेतकऱ्याच्या मालाचे पैसे दुकानातून चुकते करायचे असतात. सीसीची मर्यादा बँक देते ती दुकानातील माल आणि उधारी यांच्या तारणावर, त्या व्यवहारासाठी. ती रक्कम शेअर बाजारात गेलेली दिसली, तर बँक तिला निधी अन्यत्र वळवणे म्हणते, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याचे उत्तर द्यावे लागते. या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूस मी अनेक वर्षे बसलो आहे. ते उत्तर देताना दुकानदाराची काय अवस्था होते, ते मी पाहिले आहे.

मग या नियमाचा आपल्याला उपयोग तरी काय? मला वाटते, मोजपट्टी म्हणून फार मोठा उपयोग आहे. ज्याच्याकडे वडिलोपार्जित शेअर आहेत आणि जो त्यांच्या घसरणीपासून संरक्षण म्हणून पुट घेऊ इच्छितो, त्याने त्याच मुदतीचा, त्याच भावाचा कॉल पाहावा. समतेने पुट किती असायला हवा, ते काढावे, आणि विकणारा त्याहून बराच अधिक मागत असेल, तर घाई करू नये. तसेच कोणी 'भाव वर जावो की खाली, इतके नक्की' अशी योजना घेऊन आला, तर त्याला फार प्रश्न विचारू नयेत. आज किती द्यायचे, तेव्हा किती मिळणार आणि मध्ये किती दिवस, एवढे तीन आकडे घ्यावेत. त्यांतून व्याजाचा दर निघतो. तो बँकेच्या ठेवीहून कमी असेल तर योजना सोडावी. तो बराच जास्त असेल, तर तीन भावांपैकी कोणता भाव खरा नाही, कोणता लाभांश विसरला आहे, किंवा कोणता पाय मध्येच निघू शकतो, याचा शोध घ्यावा. फरक खरा असेपर्यंत तो आपल्या हाती लागण्याची शक्यता फार थोडी, हे मनाशी धरून चालावे.

सोमवारी दुपारच्या गाडीने भाचा लातूरला परत निघाला. जाण्यापूर्वी त्याने वहीत लाल शाईचा तो आकडा खोडला नाही. त्याच्या शेजारी निळ्या शाईने दोनच आकडे लिहिले: 10.5 आणि 5.13. मग मला म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी आधी हेच काढीन." संध्याकाळी दाजींचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, की पोराने येताच सीसीची शिल्लक विचारली नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या किती द्यायच्या राहिल्या आहेत, ते विचारले.